दोरा, नकाशा आणि सिंहगडाची वाट

मदतनिधीसाठी पायी फेरी काढायची ठरली की पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो : एकूण चालायचं किती? त्यावरच सगळं अडलेलं असतं. देणगीदार किलोमीटरमागे रक्कम लिहून देतात, पाण्याची टेबलं किती अंतरावर मांडायची ते ठरवायचं असतं, आणि साठीच्या काकांनी यावं की नाही हेही त्याच आकड्यावर अवलंबून असतं. मोबाइलवर रस्त्याचं अंतर चटकन निघतं. पण शेताच्या बांधावरची किंवा डोंगरावरची पायवाट त्यात असेलच असं नाही. अशा वेळी कागदी नकाशा आणि हातभर दोरा अजूनही कामाला येतात.

उदाहरणासाठी पुणेकरांच्या पायाखालची वाट घेऊ : खडकवासला धरणापासून डोणजेमार्गे आतकरवाडी आणि तिथून पायवाटेने सिंहगड. हा भाग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ‘४७ एफ/१५’ या जुन्या क्रमांकाच्या स्थलनिर्देशक नकाशात येतो. ट्रेकर मंडळी त्याला टोपोशीट म्हणतात. त्याचं प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर जमिनीवरचे ५०० मीटर दाखवतो. दोन सेंटीमीटरचा एक किलोमीटर, इतका सोपा हिशेब. घरात जुना, इंच-मैलाच्या काळातला नकाशा असेल तर मात्र हे गणित चालणार नाही. त्यात १ इंचाला १ मैल, म्हणजे १ सेंटीमीटरला सुमारे ६३४ मीटर पडतात.

आता दोरा. लोकर ताणली जाते, सुतळी जाड असल्याने वळणावर बसत नाही. गोधडी शिवायचा पक्का सुती दोरा चांगला. नकाशाखाली थर्माकोलचा तुकडा ठेवायचा, धरणाच्या भिंतीपाशी टाचणी टोचून दोऱ्याचं टोक तिला बांधायचं आणि रस्त्याच्या रेषेच्या मधोमध दोरा बसवत पुढे जायचं. प्रत्येक ठळक वळणावर एक टाचणी. दोरा ताठ हवा, पण ओढलेला नको. आतकरवाडीला पोहोचलं की दोऱ्यावर पेनाने खूण करायची आणि दोरा सोडवून सरळ करायचा.

तो मोजताना बहुतेक जण फूटपट्टी शोधतात. नकाशाच्या तळाशी छापलेलं रेषाप्रमाण, म्हणजे किलोमीटरचे भाग पाडलेली ती आडवी पट्टी, त्याहून भरवशाची. कारण मूळ टोपोशीट सहसा कोणी टाचणीने भोसकत नाही. काम झेरॉक्सवर चालतं, आणि घोळ तिथेच होतो. ए-थ्री कागदावरचा भाग ए-फोरवर आणला की लांबी साधारण ७१ टक्के उरते. मूळ नकाशावर १८ सेंटीमीटर भरणारा दोरा मग पावणेतेरा सेंटीमीटर भरतो आणि ९ किलोमीटरचा रस्ता हिशेबात साडेसहाच्याही आत येतो. ‘१:५०,०००’ हे छापील अंकप्रमाण मात्र झेरॉक्सवरही तसंच राहतं, म्हणजे खोटं पडतं. रेषाप्रमाण कागदाबरोबरच लहान-मोठं होत असल्याने ते खरं राहतं. म्हणून झेरॉक्स काढताना ती पट्टी कापली जाऊ द्यायची नाही.

धरण ते आतकरवाडी दोरा १८ सेंटीमीटर भरला असं धरू. म्हणजे ९ किलोमीटर. मोजणी तीनदा करावी, त्यातली एक उलट्या दिशेने. तिन्हींत दोन-तीन मिलिमीटरचा फरक, म्हणजे जमिनीवर शंभर-दीडशे मीटरचा, चालून जातो. अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर कुठलं तरी वळण चुकलेलं असतं.

पण तिन्ही वेळा आकडा सारखा आला म्हणून तो बरोबर ठरत नाही. दोरा जवळजवळ नेहमी कमीच भरतो. हाताने बसवलेला दोरा प्रत्येक वळण थोडं आतून कापतो, आणि नकाशा काढणाऱ्यानेही बारीक वळणं आधीच गुळगुळीत केलेली असतात. या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. वीस मीटरचं वळण कागदावर दाखवायचं तरी कसं? इंग्लंडचे लुईस फ्राय रिचर्डसन यांनी सीमारेषा मोजताना हेच पाहिलं होतं. मोजायचं माप जितकं लहान, तितकी रेषा लांब निघते. १९६७ मध्ये बेन्वा मँडेलब्रॉट यांनी त्याच धाग्यावरून ब्रिटनचा किनारा नेमका किती लांब, असा प्रश्न विचारला.

यावर उपाय आहे. त्याच रस्त्यावरचा, किलोमीटरच्या दगडांवरून लांबी पक्की माहीत असलेला एक टप्पा त्याच दोऱ्याने मोजून बघायचा. समजा ५ किलोमीटरच्या टप्प्याला १० सेंटीमीटरऐवजी ९.६ भरले. म्हणजे आपला दोरा आणि आपला हात मिळून सुमारे चार टक्के कमी दाखवतात. मग ९ किलोमीटरला १.०४ ने गुणायचं : साधारण ९.४ किलोमीटर.

डांबरी रस्त्याची ही दुरुस्ती गडाच्या पायवाटेला मात्र पुरत नाही. आतकरवाडीहून वर जाणारी वाट सुमारे २.७ किलोमीटरची आणि चढ सहाशे मीटरहून थोडा जास्त, असं सांगितलं जातं. नकाशावर दोरा समजा ४.६ सेंटीमीटर, म्हणजे २.३ किलोमीटर भरला. उरलेले चारशे मीटर कुठे गेले? नकाशा सपाट असतो, चढाचं अंतर त्यात येत नाही, हे उत्तर बहुतेकांच्या ओठावर असतं. ते बरोबर आहे, पण थोडंच. शाळेतला पायथागोरस काढून बघा : आडवे २,३०० मीटर आणि उभे ६०० मीटर, तर तिरकी बाजू सुमारे २,३८० मीटर. सिंहगडासारख्या दमछाक करणाऱ्या चढातही उतारामुळे जेमतेम ८० मीटर वाढतात. बाकीचे तीनशे-सव्वातीनशे मीटर नागमोडी वळणांचे, जी नकाशावर एका रेघेत मिटून गेलेली असतात. म्हणून डोंगरातल्या पायवाटेला सरसकट दहा-पंधरा टक्के जास्त धरणं शहाणपणाचं.

चढाचा खरा फटका बसतो तो वेळेला. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये घालून दिलेला ठोकताळा आजही वापरतात : पाच किलोमीटरला एक तास, आणि सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. त्या हिशेबाने आतकरवाडीपर्यंतच्या ९.४ किलोमीटरला एक तास पन्नास-पंचावन्न मिनिटं, आणि पुढच्या २.७ किलोमीटरला एकट्यालाच दीड तास. हा आकडाही धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. वाटेत ताक आणि फोटोसाठी रेंगाळणाऱ्या ऐंशी जणांच्या घोळक्याला तो लावू नये.

मोजलेला दोरा टाकून देण्याआधी त्याचा आणखी एक उपयोग करून घ्यावा. रेषाप्रमाणावर ठेवून त्यावर प्रत्येक किलोमीटरची खूण करायची आणि तो पुन्हा टाचण्यांमधून रस्त्यावर बसवायचा. तिसरा, सहावा किलोमीटर कुठे येतो ते नकाशावर दिसतं आणि पाण्याची टेबलं कुठे मांडायची ते तिथेच ठरतं. नकाशाच्या समासात सर्वेक्षणाचं वर्षही छापलेलं असतं, तेही वाचून घ्यावं. खडकवासला-डोणजे पट्ट्यात वस्ती इतकी वाढली आहे की जुन्या नकाशातला बैलगाडीचा रस्ता आज कुणाच्या फार्महाउसच्या कुंपणाआड असू शकतो. दोरा ते सांगणार नाही. त्यासाठी आधी एकदा वाट चालूनच बघावी लागते.

रस्त्याचे ९.४ आणि पायवाटेचे २.७ मिळून १२.१ किलोमीटर होतात. पत्रकावर मात्र ‘सुमारे १२ किलोमीटर, शेवटी सहाशे मीटर चढ’ असं छापावं. दोऱ्याने काढलेल्या अंतरात दशांशाचा दावा करू नये, आणि किलोमीटरमागे देणगी घ्यायची असेल तर हाच आकडा आधी जाहीर करून सगळ्यांसाठी तोच कायम ठेवावा.