नेमकं कुठे अडतंय?

नाशिकचा माझा भाचा संगणकावर गेम खेळतो. गेमचा सर्व्हर मुंबईत आहे. त्याच्या पडद्यावर पिंग ७० मिलिसेकंद दिसतं, तर त्याच इमारतीतल्या, दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट घेतलेल्या मित्राला १२. “मामा, कुठे अडतंय बघ ना,” म्हणून त्याने स्क्रीनशॉट पाठवला. पिंग फक्त जाऊन-येऊन लागलेला एकूण वेळ सांगतं, जागा सांगत नाही. सुदैवाने त्याने `tracert` चालवलं होतं. त्यात हे दिसत होतं (पत्ते मी बदललेत):

```
1    3 ms   2 ms   3 ms  192.168.1.1
2    6 ms   5 ms   7 ms  10.20.0.1
3    8 ms   7 ms   8 ms  203.0.113.5
4  112 ms   9 ms 134 ms  203.0.113.17
5    *      *      *     Request timed out.
6   71 ms  68 ms  94 ms  198.51.100.9
7   70 ms  73 ms  69 ms  198.51.100.40
```

प्रत्येक ओळ म्हणजे वाटेतला एक राउटर, म्हणजेच एक हॉप. संगणक आधी असं पॅकेट पाठवतो, की ते पहिल्याच राउटरवर संपावं. संपलं की तो राउटर तसं कळवतो. मग दुसऱ्यावर संपणारं, मग तिसऱ्यावर. प्रत्येक हॉपला तीन पॅकेटं जातात, म्हणून तीन आकडे. हे आकडे घरापासून त्या हॉपपर्यंत जाऊन परत येण्याचे असतात, दोन हॉपमधल्या अंतराचे नव्हेत.

चित्रातले आकडे मी कागदावर उतरवून घेतले. मोबाइलच्या अ‍ॅपने चित्रातला मजकूर ओळखून घेता येतो, पण ताडून पाहावं लागतं. `<1 ms` मधलं चिन्ह गळतं किंवा त्याचा ४ होतो. तारे गळाले तर पुढचे आकडे भलत्याच हॉपच्या नावावर जातात. हॉपचे क्रमांक सलग आहेत ना आणि प्रत्येक ओळीत तीन नोंदी आहेत ना, एवढं पाहिलं की बहुतेक चुका सापडतात.

मग प्रत्येक ओळीतला सर्वात लहान आकडा घेतला. पॅकेट कुठे रांगेत थांबलं तर वेळ वाढतोच, पण वाटेच्या लांबीला लागणारा वेळ कधी कमी होत नाही. म्हणून लहान आकडा वाटेबद्दल जास्त खरं सांगतो.

| हॉप | किमान वेळ (मि.से.) | आधीपेक्षा वाढ |
|---|---|---|
| १ | २ | – |
| २ | ५ | ३ |
| ३ | ७ | २ |
| ४ | ९ | २ |
| ५ | उत्तर नाही | – |
| ६ | ६८ | ५९ |
| ७ | ६९ | १ |

भाच्याने बोट ठेवलं होतं ते चौथ्या हॉपवर, ११२ आणि १३४ पाहून. बहुतेक जण इथेच फसतात. राउटरचं मुख्य काम पॅकेटं पुढे ढकलणं, आणि ते त्याचे खास चिप झपाट्याने करतात. “इथे संपलं” हे उत्तर लिहिणं मात्र त्याच्या प्रोसेसरचं दुय्यम काम, ते सवडीने होतं. पॅकेटं खरोखरच तिथे शंभर मिलिसेकंद अडत असती, तर पुढच्या हॉपचे आकडेही तेवढेच फुगले असते. ते तर ७०च्या आसपास आहेत. म्हणजे चौथा हॉप निर्दोष. पाचव्याचे तारेही तसेच: तो उत्तर देत नाही, पण पॅकेटं पुढे जाऊ देतो, नाहीतर सहावी ओळ दिसलीच नसती.

चौथ्या आणि सहाव्या हॉपमधली ५९ची वाढ मात्र शेवटपर्यंत टिकते. संशय तिथे. पण ती गर्दीमुळे की लांबच्या वाटेमुळे? फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १ मिलिसेकंदात २००. त्या हिशेबाने ५९ मिलिसेकंदांत जवळजवळ ११,८०० किलोमीटर होतात. नाशिक ते मुंबई पावणेदोनशे किलोमीटर, जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदांचं काम.

मी भाच्याला पहाटे साडेपाचला पुन्हा चालवायला सांगितलं. गर्दी असती तर त्या वेळी आकडा उतरला असता. सहावा हॉप पुन्हा ६८च. म्हणजे पॅकेटं बहुधा वळसा घालतायत, कदाचित देश सोडूनही. हा वळसा जातानाचा की येतानाचा, हे या आकड्यांतून कळत नाही, कारण परतीची वाट `tracert` दाखवतच नाही. चौथ्या-पाचव्यामध्ये की पाचव्या-सहाव्यामध्ये, हेही पाचवा गप्प असल्याने सांगता येत नाही. शिवाय, मित्राचा १२ हा आकडा याच संशयाला बळ देतो: सर्व्हर तोच, गाव तेच, फक्त कंपनीची वाट वेगळी.

तक्रार करायची वेळ आली तर कंपनीला “नेट स्लो आहे” एवढंच लिहू नका. सर्व्हरचा पत्ता, पहाटेची आणि रात्रीची अशा दोन वेळांची संपूर्ण नोंद, आणि वाढ कोणत्या दोन हॉपमध्ये सुरू होते, हे लिहा. आणि शक्य असेल तर स्क्रीनशॉटऐवजी खिडकीतला मजकूरच कॉपी करून जोडा.