हप्ता एक, हिशेब दोन

पनवेलमधल्या एका नोकरदाराचे उदाहरण घेऊ. सप्टेंबर 2024 मध्ये त्याने तयार फ्लॅट घेतला आणि लगेच ताबाही मिळाला. बँकेचे कर्ज 30 लाख, व्याजदर 8.5 टक्के, मुदत 20 वर्षे. ऑक्टोबरपासून दरमहा 26,035 रुपये खात्यातून वळते होऊ लागले. मार्च 2025 अखेर सहा हप्ते गेले, म्हणजे 1,56,210 रुपये. ऑफिसातल्या अकाउंट्स विभागाने कर बचतीचे कागद मागितले तेव्हा त्याने हाच आकडा लिहून दिला. तो परत आला. प्राप्तिकर खात्याच्या लेखी हप्ता नावाची वस्तूच नाही. तिथे व्याज वेगळे आणि मुद्दल वेगळे.

स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट कलम 24(ब) खाली मिळते आणि तिची मर्यादा वर्षाला दोन लाख आहे. मुद्दलाची परतफेड मात्र 80सी मध्ये जाते. तिथे दीड लाखाच्या एकाच मर्यादेत पीएफ, विम्याचे हप्ते आणि मुलांची ट्यूशन फीही बसवायची असते. या दोन्ही सवलती जुन्या करप्रणालीतच आहेत. नवी प्रणाली आता आपोआप लागू होते आणि तीत राहत्या घरासाठी यातले काहीच मिळत नाही. त्यामुळे जुनी प्रणाली निवडायची असेल तरच पुढचा हिशेब कामाचा. (1 एप्रिल 2026 पासून लागू होणाऱ्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.)

हप्त्याची फोड करायला मोठे गणित लागत नाही. पहिल्या महिन्याचे व्याज पूर्ण 30 लाखांवर लागते. त्याचे 8.5 टक्के काढून बाराने भागले की 21,250 रुपये येतात. हप्त्यातून ते वजा केले की उरतात 4,785 रुपये, तेवढेच मुद्दल फिटले. आता बाकी 29,95,215. दुसऱ्या महिन्याचे व्याज या बाकीवर, म्हणजे 21,216 रुपये, आणि मुद्दलात 4,819 रुपये. हीच कृती 240 वेळा केली की जो तक्ता तयार होतो, त्याला बँकेत अमॉर्टायझेशन शेड्यूल म्हणतात. सरळ मराठीत, परतफेडीचा तक्ता. याच दराने तक्ता पुढे नेला, तर हप्त्यात व्याजापेक्षा मुद्दल जास्त होण्यासाठी 143 वा हप्ता उजाडावा लागतो. तोवर जवळजवळ बारा वर्षे गेलेली असतात. पहिली काही वर्षे कर्ज हलतच नाही अशी तक्रार घरोघर ऐकू येते, तिचे कारण हेच.

फसगत होते ती तक्ता वाचताना. तक्त्यातले ‘पहिले वर्ष’ म्हणजे पहिले बारा हप्ते. त्यांत व्याज 2,52,709 आणि मुद्दल 59,711 रुपये. पण करासाठी वर्ष एप्रिल ते मार्च. आपल्या नोकरदाराच्या 2024-25 मध्ये तक्त्यातल्या फक्त पहिल्या सहा ओळी येतात. त्यांची बेरीज व्याज 1,26,987 आणि मुद्दल 29,223. पुढच्या आर्थिक वर्षासाठी सातव्यापासून अठराव्या ओळीपर्यंतची बेरीज घ्यायची. संगणकावर एक्सेल असेल तर एवढ्या ओळी मांडायचीही गरज नाही:

```
=CUMIPMT(8.5%/12,240,3000000,1,6,0)
=CUMPRINC(8.5%/12,240,3000000,1,6,0)
```

पहिले सूत्र व्याज देते, दुसरे मुद्दल. उत्तर उणे चिन्हासह येते, तिकडे दुर्लक्ष करावे. शेवटून दुसरे आणि तिसरे अंक हे हप्त्यांचे क्रमांक. पुढच्या वर्षासाठी तिथे 7,18 लिहायचे.

सातव्या ते अठराव्या हप्त्यांत व्याज भरते 2,50,126 रुपये. वजावट मात्र दोन लाखांचीच. वरचे 50 हजार पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत, ते वाया जातात. पती-पत्नी दोघेही घराचे मालक आणि दोघेही कर्जदार असतील, तर प्रत्येकाला आपापल्या हिश्श्यापुरती स्वतंत्र दोन लाखांची मर्यादा मिळते. कर्जाच्या कागदावर नाव आहे पण करारनाम्यात नाही, अशा जोडीदाराला हा लाभ नाही.

आता तक्त्याची खरी मर्यादा. कर्ज मंजूर होताना हातात पडतो तो तक्ता, दर वीस वर्षे तोच राहील असे धरून छापलेला असतो. प्रत्यक्षात गृहकर्जे बहुतेक बदलत्या दराची असतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रेपो दर एकूण एक टक्क्याने उतरवला. हप्ता तोच ठेवून कर्जाचा दर 7.5 टक्क्यांवर आला असे समजा. मग 29,70,777 रुपयांच्या बाकीवर महिन्याचे व्याज 21,043 ऐवजी 18,567 होते आणि उरलेले सगळे मुद्दलात जाते. जुन्या तक्त्यातून आकडे उतरवले, तर व्याजाची वजावट जास्त दाखवली जाईल.

आगाऊ भरलेल्या रकमेनेही हाच घोळ होतो. आपल्या नोकरदाराने जानेवारी 2025 च्या हप्त्याबरोबर बोनसचे एक लाख कर्जात भरले, असे समजा. डिसेंबरात ऑफिसात दिलेल्या प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर अर्थातच जुना अंदाज होता. प्रत्यक्षात फेब्रुवारी-मार्चचे व्याज घटून वर्षाचे व्याज 1,25,565 झाले आणि मुद्दल 1,30,645. ते 80सी मध्ये धरता येते, पण पीएफपोटी 96 हजार आधीच कापले गेले असतील तर जागा उरते 54 हजारांचीच. केवळ कर वाचवण्यासाठी एक लाख भरले असतील, तर निम्म्याहून अधिक रक्कम त्या कामी आली नाही.

दर कितीदा बदलला, मधेच किती भरले, याची आठवण न ठेवताही आकडे तपासता येतात. कर्जखात्याच्या उताऱ्यावरून वर्षारंभीची आणि 31 मार्चची बाकी घ्यावी. दोन्हींतला फरक म्हणजे फिटलेले मुद्दल. वर्षभरात भरलेल्या एकूण रकमेतून तो वजा केला की व्याज उरते. इथे 30,00,000 वजा 28,69,355, म्हणजे 1,30,645. भरलेले 2,56,210 रुपये, तेव्हा व्याज 1,25,565. बँकेच्या आकड्यात थोडा फरक पडला तर घाबरू नये. कर्ज उचलल्यापासून पहिल्या हप्त्यापर्यंतचे सुटे दिवस हे त्याचे नेहमीचे कारण. फरक हजारांत असेल, तर दंड किंवा प्रोसेसिंगचे पैसे कर्जखात्यात टाकले आहेत का, हे उताऱ्यात पाहावे.

मात्र घरी केलेला तक्ता हा पुरावा नव्हे. व्याजाच्या वजावटीसाठी कर्ज देणाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. एप्रिलमध्ये बँकेकडून अंतिम प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि विवरणपत्रात त्याचेच आकडे भरावेत, डिसेंबरच्या अंदाजाचे नव्हे. आकारणी वर्ष 2025-26 पासून विवरणपत्रात कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख आणि 31 मार्चची बाकीही विचारली जाते.

आणखी एक तपशील अनेकांच्या नजरेतून सुटतो. व्याजाची वजावट देय झालेल्या रकमेवर मिळते, मुद्दलाची प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवर. मार्चचा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला आणि एप्रिलमध्ये भरला, तर त्यातले व्याज जुन्याच वर्षात धरता येते आणि मुद्दल पुढच्या वर्षात जाते.