पंचविशीची अट आणि नातवाचे घर

आजोबांचे घर नातवाला मिळावे, पण त्याला समज आल्यावरच, ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. ती कागदावर उतरविताना मात्र एका शब्दाने सारा बेत कोसळू शकतो.

समजा, एका गृहस्थांनी बक्षीसपत्र केले. घर मुलाला त्याच्या हयातीपुरते, व त्याच्यामागे त्याचा जो मुलगा प्रथम पंचवीस वर्षांचा होईल त्याला. मुलगा अद्याप अविवाहित आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 14 येथे आडवे येते. दस्ताच्या वेळी जी माणसे हयात आहेत त्यांचे आयुष्य, आणि ते संपताना अस्तित्वात असलेल्या लाभधारकाच्या अज्ञानपणाची वर्षे, म्हणजे अठरा, यापलीकडे मालकीचा निर्णय लांबविता येत नाही. गर्भातील मूलही येथे अस्तित्वात असलेले धरले जाते. आता मुलगा वारला आणि नातू तेव्हा दोन वर्षांचा असला, तर पंचविशीला तेवीस वर्षे उरतात. प्रत्यक्षात तसे घडेलच असे नाही. परंतु घडू शकते, एवढेच कायद्याला पुरते. दस्त नातवापुरता निरर्थक ठरतो. मुलाचा हयातीचा हक्क टिकतो, व त्याच्यामागे घर आजोबांकडे, ते नसल्यास त्यांच्या वारसांकडे परत जाते. 'असा नातू न झाल्यास घर पुतणीला' असे पुढे लिहिले असले, तर तेही त्याच्याबरोबर पडते.

मग काय लिहावे? 'मुलाच्या पहिल्या मुलाला जन्मतःच पूर्ण मालकी, ताबा मात्र मुलाच्या मृत्यूनंतर' असे लिहिले तर चालते. भोग लांबला, मालकी लांबली नाही. यालाच निहित हक्क म्हणतात. पंचविशीवर अवलंबून असलेला हक्क सशर्त. अट पुरी होईपर्यंत तो केवळ आशा असतो. (सज्ञान झालेल्या मालकाला 'आणखी सात वर्षे घराला हात लावू नकोस' असे बजावणारे कलम मात्र व्यर्थ आहे; पूर्ण मालकी दिल्यावर तिच्या उपभोगावर असे बंधन घालता येत नाही.)

पण निहित हक्काची किंमतही आजोबांनी जाणून घ्यावी. नातू दहाव्या वर्षी वारला, तर सशर्त हक्क त्याच्याबरोबरच संपला असता. निहित हक्क संपत नाही, तो वारसांकडे जातो. 1956 चा हिंदू वारसा कायदा लागू असेल, तर अशा अविवाहित मुलाची पहिली वारस त्याची आई, बाप नव्हे. म्हणजे मुलगा हयातभर त्या घरात राहील, पण मालकी सुनेची होईल! आजोबांना हे नको असेल, तर 'नातू अठरा वर्षांचा झाला तर' अशी अट घालता येते. ती मुदतीत बसते. फक्त तो सज्ञान होण्यापूर्वी वारला तर घर कोणाला, हेही त्याच दस्तात लिहावे, आणि त्या जागी दस्ताच्या वेळी हयात असलेल्याच माणसाचे नाव घालावे.