चॅरिटी रॉक शोसाठी कॉलेजचा हॉल हवाय? मग प्राचार्यांना पत्र असं लिहा

आमच्या कॉलेजच्या बॅण्डने प्राचार्यांना लिहिलेलं पहिलं पत्र चार ओळींचं होतं. त्यात संगीताची आवड होती, समाजकार्य होतं, "कृपया सहकार्य करावे" होतं. दोन दिवसांनी ते परत आलं, तेव्हा समासात लाल शाईत तीनच प्रश्न होते. किती वाजेपर्यंत? पैसे कोणाकडे? बाहेरचे लोक येणार का?

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, सरांनी बरोबर तेच विचारलं होतं. हॉलमध्ये काही झालं तर सही त्यांची असते.

पहिला प्रश्न आवाजाचा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकरला बंदी आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत वापरायला सूट मिळते. पण खिडक्या उघड्या असतील तर ही सूट नावालाच उरते, कारण निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे आणि नुसता ड्रमसेटच त्याच्या कितीतरी वर जातो. म्हणून पत्रात वेळ लिहा, खिडक्या बंद ठेवू हेही लिहा. अजून एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे साउंड चेक. खरी तक्रार शोची नसते. दुपारी वर्ग चालू असताना तासभर "चेक, चेक, वन टू" चालतं, त्याची असते.

बाहेरच्या लोकांचा प्रश्न गर्दीपुरता नाही. तुम्ही दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर तिथे कॉपीराइट येतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शैक्षणिक संस्थेला सवलत आहे. संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी किंवा कर्मचारी सादरीकरण करत असतील आणि प्रेक्षक फक्त विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक असतील, तर परवाना लागत नाही. गेटवर कोणालाही तिकीट विकलं की ही सवलत गेली. मग गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचा परवाना देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे जावं लागतं. "पण शो तर चॅरिटीसाठी आहे" हे उत्तर इथे पुरत नाही. पहिलाच शो असेल तर तो कॉलेजपुरता ठेवा.

विजेचं प्रकरण प्राचार्य विचारत नाहीत, पण हॉल सांभाळणारे काका नक्की विचारतात. दोन स्पीकर मिळून 1000 वॅट, गिटारचे दोन अ‍ॅम्प 200, बेसचा 300, एलईडी दिवे 400, मिक्सर-कीबोर्ड 100. एकूण 2000 वॅट, म्हणजे 230 व्होल्टला साधारण 9 अँपिअर. भिंतीवरचा नेहमीचा छोटा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. त्यावर एक्स्टेंशन बोर्ड लावून सगळं चालवलं तर बोर्ड तापतो, नाहीतर ऐन गाण्यात फ्यूज जातो. 16 अँपिअरचे दोन पॉइंट मागा, एक आवाजाला आणि एक दिव्यांना.

हे सगळं धरून पत्र असं होईल:

> प्रति,
> मा. प्राचार्य
>
> विषय: मदतनिधी संगीत संध्येसाठी सभागृह मिळणेबाबत
>
> महोदय,
> आमचा पाच विद्यार्थ्यांचा बॅण्ड पूरग्रस्तांच्या मदतीसाठी रॉक संगीताचा कार्यक्रम करू इच्छितो. त्यासाठी येत्या शनिवारी दुपारी 3 ते रात्री 9:30 सभागृह मिळावे. साउंड चेक शेवटचा तास संपल्यावर, 3 नंतर होईल. कार्यक्रम 6 ते 8:30 असेल. खिडक्या बंद ठेवू.
> प्रवेश फक्त विद्यार्थी, कर्मचारी व पालकांना, ओळखपत्र किंवा पास पाहून, 250 जणांपर्यंत. तिकीट नाही. मदत ऐच्छिक असून ती थेट मुख्यमंत्री सहायता निधीच्या खात्यात जाईल. बॅण्ड रोख रक्कम घेणार नाही. साउंडचे भाडे 6000 रुपये आम्ही पाच जण भरू.
> 16 अँपिअरचे दोन वीज पॉइंट लागतील. विद्यार्थी कल्याण विभागाच्या मॅडम पूर्णवेळ उपस्थित राहण्यास तयार आहेत. सभागृह झाडून, खुर्च्या लावून परत देऊ. नुकसान झाल्यास भरपाईची जबाबदारी माझी.
> गाण्यांची यादी सोबत जोडली आहे.
>
> आपला विद्यार्थी,
> बॅण्डप्रमुख, तृतीय वर्ष वाणिज्य

यात पैशांची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पेटी फिरवली की रात्री नोटा मोजायला कोण बसलं होतं, यावरून आठवडाभर कुजबुज चालते. "खर्च वजा जाता उरलेली रक्कम" असं लिहिलं तर आणखी वाईट, कारण खर्च किती ते तुम्हीच ठरवणार. त्यापेक्षा निधीचा अधिकृत क्यूआर कोड हॉलच्या दाराशी लावा. त्याआधी तो निधीच्या वेबसाइटवरूनच घेतलाय ना, हे तपासा आणि एक रुपया पाठवून नाव कोणाचं येतं ते बघा. याची एक अडचण आहे, एकूण किती जमले ते तुम्हाला दिसत नाही. मदत देणाऱ्यांनी पावतीचा स्क्रीनशॉट मॅडमना पाठवला तर बेरीज होते, तीही अंदाजेच.

गाण्यांची यादी जोडताना शिव्या असलेली गाणी आधीच काढून टाका. आमच्या दुसऱ्या पत्राबरोबर यादी होती आणि सरांनी ती खरंच ऑफिसात बसून ऐकली. 11 पैकी 9 गाणी पास झाली आणि हॉल मिळाला.