निरोप पोहोचवायला तो जगला
साल्वादोर अल्वारेंगा १७ नोव्हेंबर २०१२ रोजी मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून मासेमारीला निघाला. सोबत ऐनवेळी घेतलेला अनोळखी तरुण, इझेकिएल कोर्डोबा. वादळात इंजिन बंद पडले आणि उघडी होडी पॅसिफिकमध्ये वाहत गेली.

पिण्याचे पाणी संपले. समुद्राचे पाणी प्यावे तर तहान वाढते, कारण त्यातले मीठ बाहेर टाकायला शरीरातलेच पाणी खर्च होते. अखेर पाऊस आला. तो त्यांनी तरंगत आलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांत साठवला. मासे, पक्षी, कासवे कच्चीच खाल्ली.

अल्वारेंगा सांगतो, कच्च्या पक्ष्याने कोर्डोबा आजारी पडला, त्याने खाणेच सोडले आणि काही महिन्यांत तो गेला. आईला निरोप सांगण्याचे वचन मात्र त्याने घेतले होते.

जानेवारी २०१४ मध्ये अल्वारेंगा मार्शल बेटांवर पोहोचला. पुढे मेक्सिकोला जाऊन तो त्या आईला भेटला.