बोला, पण ठरलेलं लिहा

समजा, चाळीस घरांच्या सोसायटीत रविवारी संध्याकाळी पाण्याचा पंप बंद पडला. इलेक्ट्रिशियनने मोटर जळाल्याचं सांगितलं. सेक्रेटरींनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन मिनिटांची व्हॉइस नोट टाकली. त्यावर कुणी तीस सेकंदांत, कुणी तीन मिनिटांत आपलं मत सांगितलं. तासाभरात अकरा व्हॉइस नोट जमल्या. रात्री उशिरा घरी आलेल्या खजिनदारांनी त्या बघितल्या आणि लिहिलं, "मग काय ठरलं?" उत्तर म्हणून बारावी व्हॉइस नोट आली.

व्हॉइस नोटमध्ये वेळ वाचतो तो बोलणाऱ्याचा, आणि खर्च होतो तो ऐकणाऱ्यांचा. दोन मिनिटांची नोट चाळीस जणांनी ऐकली तर मिळून ऐंशी मिनिटं जातात. ती दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकता येते, पण नेमका मुद्दा कुठे आहे हे ऐकल्याशिवाय कळत नाही. मजकुरावर मात्र एक नजर टाकली तरी आपल्या कामाचं काय ते दिसतं, आणि पुढच्या महिन्यात 'मोटर' असं शोधलं तर तो मेसेज सापडतो.

म्हणून आवाज वाईट, असं मात्र नाही. पंप बंद पडण्याआधी जो घरघराट करत होता, तो शब्दांत सांगण्यापेक्षा रेकॉर्ड करून पाठवलेला बरा; मेकॅनिकला त्यातून बरंच कळतं. मोबाइलवर मराठी टाइप करणं ज्यांना जड जातं, त्या आजी-आजोबांसाठी बोलणं हाच सोपा मार्ग आहे. "मोटर दुरुस्त करावी की नवी घ्यावी?" अशा प्रश्नावर कारणं सांगायची असतात, शंका विचारायच्या असतात. लेखी वाक्य रागाचं वाटू शकतं, तेच बोललं तर सूर कळतो.

आकडा, तारीख, पत्ता, फोन नंबर आणि कुणाला सांगितलेलं काम मात्र लिहूनच द्यावं. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' घाईत, ट्रॅफिकच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. ५,९०० आणि ६,९०० मध्ये तशी गल्लत होत नाही. लोकलमध्ये उभा असलेला किंवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेला माणूसही मजकूर वाचू शकतो. बोलायचंच असेल, तर नोटेसोबत एक ओळ लिहावी : "मोटर दुरुस्तीबद्दल, दोन मिनिटं, तातडीचं नाही." मग ऐकायचं कधी ते ज्याचं त्याला ठरवता येतं.

खरी अडचण येते ती चर्चा संपल्यावर. अकरा नोटांमधून जे निघालं, ते कुणीतरी तासाभरात लिहायला हवं. कोण काय म्हणालं याची जंत्री नको. शेवटी काय ठरलं, कोण काय कधीपर्यंत करणार आणि काय अजून ठरायचं आहे, एवढंच पुरतं. या चर्चेचा सारांश असा होईल :

*पंप दुरुस्ती – रविवार, रात्री ९.३०*
*ठरलं : नवा पंप आत्ता घ्यायचा नाही. मोटर रिवाइंडिंगला द्यायची. खर्च ८,५०० रुपयांपर्यंत.*
*कामं : मोटर सोमवारी सकाळी १० वाजता नेणं – सेक्रेटरी. रोज एक टँकर मागवणं – खजिनदार.*
*बाकी : टँकरचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा? कमिटी बुधवारी ठरवेल.*
*काही चुकलं असेल तर सोमवारी सकाळी ९ पर्यंत सांगा.*

हे वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही. यातली 'बाकी' ही ओळ अनेकदा गाळली जाते, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. टँकरच्या खर्चावर तीन जण बोलले, बाकीचे गप्प राहिले; लिहिणाऱ्याने गप्प राहणं म्हणजे होकार धरला आणि तो खर्च 'ठरलं' मध्ये टाकला, की बिल आल्यावर वाद ठरलेलाच. दुसरी चूक म्हणजे कामापुढे 'कमिटी बघेल' असं लिहिणं. कमिटीला मोटर रिक्षात घालून नेता येत नाही. कुणीतरी एकानेच ती न्यावी लागते. सारांश शक्यतो चर्चेत सगळ्यांत कमी बोललेल्या व्यक्तीने लिहावा. स्वतःचं मत त्यात घुसण्याची शक्यता तेवढी कमी.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. त्यानंतर चूक सापडली तर 'सुधारित' असं वर लिहून पूर्ण सारांश पुन्हा टाकावा आणि तोच पिन करावा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ठेवता येते. मोटर परत बसेपर्यंत सात दिवसांची पुरेशी आहे. मात्र ग्रुपवरचा सारांश म्हणजे कमिटीचं इतिवृत्त नव्हे. पैशांचा निर्णय बुधवारच्या सभेत मांडून इतिवृत्ताच्या वहीत नोंदवावाच लागेल.

तेव्हा ग्रुपवर हवं तेवढं बोला. फक्त चर्चा संपली, की पाच ओळी कोण लिहिणार हे त्याच वेळी विचारून घ्या.