रेडिओतली शिट्टी कुठून येते?

मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला लागते. काटा तिथे आणला की सुपरहेटरोडाइन रेडिओतला ऑसिलेटर स्वतः १०१३ किलोहर्ट्झची लहर तयार करतो. मिक्सर या दोन लहरींतला फरक काढतो: ४५५. हीच मध्यंतर वारंवारता. कोणतंही स्टेशन लावा, फरक ४५५च राहतो, म्हणून पुढचे फिल्टर एकदाच जुळवून ठेवता येतात.

पण मिक्सरला वरचं-खालचं कळत नाही. १४६८ वजा १०१३ हेही ४५५च! ही ५५८ची प्रतिमा. समजा, १४६७वर जोरदार स्टेशन आहे. त्याचा फरक येतो ४५४. तो ४५५शी भिडतो आणि गाण्यामागे एक किलोहर्ट्झची बारीक शिट्टी वाजते.

मिक्सरनंतर हे पाहुणे वेगळे करता येत नाहीत. त्यांना दारातच अडवावं लागतं. ते काम फेराइट कांडीवरची कॉइल आणि गँग कंडेन्सर करतात. ५५८ला जुळलेल्या या जोडीला ९१० किलोहर्ट्झ दूरची प्रतिमा सहज दाबता येते. लघुलहरींवर, १५ मेगाहर्ट्झजवळ, तेवढंच अंतर जेमतेम सहा टक्के ठरतं. म्हणून साध्या सेटवर एकच स्टेशन ९१० किलोहर्ट्झ खालीही पुन्हा ऐकू येतं.